राखेला पाणी लागलं की…

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं जवळजवळ आहेत. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. त्यातल्या एकाचाच हिशेब मांडू. वीजेच्या एका युनिटमागे साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर पूर्ण क्षमतेनं चालणारा हा संच दिवसाला दहा हजार टन कोळसा जाळतो. आपल्याकडच्या कोळशात दर शंभर किलोमागे तीस ते पंचेचाळीस किलो राख असते. म्हणजे एका संचातून रोज साडेतीन-चार हजार टन राख निघते. ही राख कुठे जायची, हे बहुतेक वेळा केंद्राच्या आवारातच ठरून जातं, आणि ते ठरतं एका साध्या गोष्टीवरून: राख कोरडी उचलली गेली, की तिच्यात पाणी मिसळलं गेलं.

कोळसा आधी दळून पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोतानं भट्टीत फुंकतात. तिथे तेराशे ते पंधराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. कोळशातला जळणारा भाग क्षणात जळतो आणि त्याच्यातली माती, म्हणजे सिलिका, अॅल्युमिना, लोह, वितळते. या वितळलेल्या मातीचे सूक्ष्म थेंब धुराबरोबर वर उडतात आणि उडता उडताच झटकन थंड होतात. सावकाश थंड झाले असते तर त्यांचे स्फटिक बनले असते. तेवढा वेळ न मिळाल्यामुळे ते काचेच्या गोल कणांसारखे राहतात. राखेची सगळी किंमत या काचेत आहे, कारण काचेतली सिलिका रासायनिक क्रियेला तयार असते, स्फटिकातली फारशी नसते. वाळूही सिलिकाच आहे, पण सिमेंटमध्ये तिचा उपयोग फक्त भर म्हणून होतो.

राखेचा जाडाभरडा वीसएक टक्के भाग भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेली ऐंशी टक्के धुराबरोबर उडणारी, म्हणून फ्लाय अॅश. ती धुराड्यातून बाहेर पडू नये म्हणून वाटेत विजेचा उच्च दाब दिलेल्या पट्ट्या असतात. कामगार या यंत्रणेला ईएसपी म्हणतात. कण विद्युतभारित होऊन पट्ट्यांना चिकटतात आणि पट्ट्यांवर ठोके पडले की खालच्या शंकूत गळतात. अशा पट्ट्यांचे एकामागे एक टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जाड राख पडते, शेवटच्या टप्प्यांत सर्वांत बारीक. घेणाऱ्याला अर्थातच ही शेवटची हवी असते.

इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं राख हवेच्या दाबानं सायलोत जाते आणि तिथून बंद टाकीच्या बल्करमध्ये भरली जाते. दुसऱ्या वाटेनं तिच्यात कितीतरी पट पाणी मिसळून तिचा पातळ रबडा पाइपातून काही किलोमीटरवरच्या राखेच्या बंधाऱ्यात सोडला जातो. तळाची जाडी राखही त्याच रबड्यात मिसळते. पाणी लागल्यानं राख लगेच निकामी होते असं नाही. पण बारीक आणि जाड यांची झालेली निवड संपते, पुन्हा वापरायची तर ती वाळवायला इंधन लागतं, आणि बंधाऱ्यात पाइपाच्या तोंडाशी जाड कण तर दूरच्या टोकाला बारीक कण असं काहीही हाती लागू शकतं. सिमेंट कारखान्याला असा बेभरवशाचा माल नको असतो.

कोरड्या राखेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सिमेंट कारखानाच. दुकानात गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं त्या सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते. ही भेसळ नव्हे. सिमेंटला पाणी लागलं की बळकटी देणाऱ्या पदार्थासोबत चुनाही तयार होतो. हा चुना काँक्रीटच्या काही कामाचा नसतो, उलट पाण्याबरोबर झिरपून बाहेर येतो. राखेतली सिलिका या चुन्याला पकडते आणि त्याच्यापासून पुन्हा बळकटी देणारा पदार्थ घडवते. काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजतात, ते कमी तापतं, कमी झिरपतं. म्हणूनच घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाची धरणं रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची बांधली, तेव्हा त्यात राखेचं प्रमाण सिमेंटहून जास्त ठेवलं होतं. शिवाय क्लिंकर भाजताना टनामागे पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जितकी राख मिसळली, तितकं भाजणं वाचतं.

फक्त ही दुसरी क्रिया सावकाश होते, आणि पाणी असेल तोवरच होते. तक्रारी नेमक्या इथून सुरू होतात. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारतात. राख असलेल्याला किमान दहा दिवस मारायला हवं, कोरड्या उन्हाळ्यात चौदा. कंत्राटदार पाचव्या दिवशी पाणी बंद करतो, सेंट्रिंग घाईनं काढतो, आणि मग स्लॅबला केसासारख्या भेगा दिसल्या की दोष जातो राखेच्या माथी.

विटांचंही तसंच. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही. साधारण निम्म्याहून जास्त राख, वाळू किंवा दगडाची कच, आणि बांधणी करायला चुना-जिप्सम किंवा आठ-दहा टक्के सिमेंट, असं मिश्रण हायड्रॉलिक यंत्रात दाबून वीट काढतात. चुना, जिप्सम आणि राखेच्या विटांची पद्धत विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी विकसित केली आणि ती देशभर पसरली. या विटेत शेतातली सुपीक माती जात नाही, कोळसाही जळत नाही. पण तिला दोन-तीन आठवडे ओलं ठेवावं लागतं. लहान कारखानदाराजवळ तेवढी जागा नसते आणि खेळतं भांडवल तर त्याहून कमी. वीट चौथ्या दिवशी ट्रकमध्ये चढते. त्यात कोरड्या राखेऐवजी बंधाऱ्यातली स्वस्त, जाडी राख वापरली असेल तर चुन्याला पकडायला काही उरतच नाही. अशी वीट नखानं खरवडली की भुकटी निघते आणि भिंत बांधल्यावर ती आकसून सांध्यांतून भेगा पडतात.

ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण वाळलेली वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची आणि पुन्हा तोलायची. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या पुढे गेली तर गाडी परत पाठवावी.

मग सगळीच राख कोरडी का उचलत नाहीत? वर मांडलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. एका संचाची फक्त उडणारी राख न्यायची तर रोज शंभराहून जास्त बल्कर लागतील. राख स्वतः जवळपास फुकट असते, किंमत लागते ती वाहतुकीची, त्यामुळे अंतर वाढलं की गिऱ्हाईक गळतं. त्यात पावसाळा. जूनपासून बांधकामं मंदावतात, सिमेंटची मागणी घटते, वीटवाल्यांचं अंगण ओलं असतं, पण वीज केंद्र थांबत नाही. सायलो काही दिवसांची राख साठवू शकतात, महिन्यांची नव्हे. मग राख पाण्यात मिसळून बंधाऱ्याकडे जाते, आणि तीही नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा बंधाऱ्यात आभाळातलं पाणीही साचत असतं.

जुलै २०२२ मध्ये हेच झालं. मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला, नाल्यातून कोलार नदीत आणि पुढे कन्हानकडे गेला. नागपूरला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या स्रोतांपैकी कन्हान एक आहे. हा अपघात जगावेगळा नव्हता. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात सासन वीज प्रकल्पाचा राखेचा बांध फुटून सहा जणांचा जीव गेला होता. हे बांध बहुधा एकदाच पूर्ण उंचीचे बांधत नाहीत. तलाव भरत आला की आतल्या बाजूनं, अनेकदा साचलेल्या राखेवरच, पुढचा थर चढवून उंची वाढवतात. साठलेलं पाणी निथळलं नाही तर ओली राख पातळ होते आणि वरचा बांध तिच्यावर तरंगू लागतो. बाहेरच्या उतारावर ओल दिसू लागली, त्यातून गढूळ पाणी पाझरलं, की बांध आतून पोखरला जातोय असं समजावं.

बंधारा फुटला की बातमी होते. न फुटलेला बंधारा उन्हाळ्यात काय करतो ते शेजारच्या गावालाच कळतं. वरचं पाणी आटलं की राख वाऱ्याबरोबर उठते, कापसावर, भाजीवर, जेवणाच्या ताटात बसते. त्यावर उपाय सोपा आहे, पृष्ठभाग ओला ठेवणं. तोच हमखास टाळला जातो. खापरखेडा केंद्राच्या नांदगावच्या राख तलावाविरुद्ध गावकऱ्यांनी याच कारणांसाठी आवाज उठवला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांना तिथं राख टाकणं थांबवायला सांगावं लागलं.

कायद्याचा धाक नाही असंही नाही. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना केंद्रानं १९९९ साली काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं शंभर टक्के वापराचं बंधन घातलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई लावली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि त्यातली ९६ टक्के वापरली गेली. आकडा ऐकून हायसं वाटतं. पण या ‘वापरा’त सिमेंटचा वाटा साधारण चौथा हिस्साच असतो आणि विटांचा त्याच्याही निम्मा. उरलेल्यात रस्त्यांचे भराव, बंद पडलेल्या खाणी आणि सखल जमिनी भरणं येतं. कागदावर हेही वापरच. बंधाऱ्यातून उपसलेली राख ट्रकनं नेऊन गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतली, तरी तिची नोंद होते ती वापरात.

रस्त्याचा भराव नीट दाबला, वर मातीचा थर दिला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. खड्ड्याचं मात्र तसं नाही. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, पारा अशा धातूंचे अंश असतात. सिमेंटमध्ये ते बऱ्याच अंशी बांधले जातात, मोकळ्या राखेत नाही. खड्ड्याचा तळ पावसाळ्यात भूजलाला टेकत असेल तर राख वर्षानुवर्षं भिजत राहते. अशा जागेजवळच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलं, तर प्रयोगशाळेला फक्त आर्सेनिक बघायला सांगू नये. राखेतून सर्वांत आधी आणि सर्वांत दूरवर पोचतात ते बोरॉन आणि सल्फेट. हे दोन्ही वाढत चालले असतील तर राखेचं पाणी विहिरीपर्यंत आलेलं आहे, धातू नंतर येतील. ही तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी, आणि सर्वांत चांगलं म्हणजे खड्डा भरण्याआधीच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीनं जपून ठेवावा. तो नसला, की हे बोरॉन मुळातच जमिनीत होतं, असं राख टाकणारा म्हणू शकतो.