मधला आकडा हवा, तर सगळी यादी कशाला लावायची?

एक लाख घरांच्या किमती समोर आहेत आणि त्यातली स्वस्ताईच्या क्रमाने पन्नास हजारावी किंमत, म्हणजे जवळजवळ मध्यक, हवी आहे. पहिला विचार येतो तो सगळी यादी चढत्या क्रमाने लावून मधला आकडा उचलण्याचा. उत्तर बरोबर येतं, पण सातवं घर आठव्यापेक्षा स्वस्त आहे की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं. तरी तेही ठरवत बसावं लागतं.

ही फुकटची मेहनत टाळायची रीत टोनी होअर या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९६१ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात दिली. त्यांची क्विकसॉर्ट ही गाजलेली पद्धत तिथे ६४ क्रमांकावर होती आणि तिच्या पाठोपाठ ६५ क्रमांकावर ‘फाइंड’. आज तिला क्विकसिलेक्ट म्हणतात. धाकट्या बहिणीच्या वाट्याला प्रसिद्धी कमी आली, हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

अकरा आकडे घेऊ: ४२, १७, ६८, ९, ५५, ३१, ७४, २३, ६०, १२, ३८. यातला लहानातून सहावा हवा. पहिलाच आकडा, ४२, हा पिव्हट धरा आणि बाकीचे दहा त्याच्याशी ताडून पाहा. लहान निघाले सहा: १७, ९, ३१, २३, १२, ३८. मोठे निघाले चार. म्हणजे ४२ स्वतः सातवा. आपल्याला सहावा हवाय, तेव्हा मोठ्या चौघांकडे पुन्हा बघायचंही कारण नाही. उरलेल्या सहांत पिव्हट १७. त्याहून लहान ९ आणि १२, म्हणून १७ तिसरा. आता हे तिघे गळाले, आणि ३१, २३, ३८ यांत आपल्याला सहा वजा तीन, म्हणजे तिसरा शोधायचाय. पिव्हट ३१ घेतला की २३ एका बाजूला, ३८ दुसऱ्या बाजूला. ३१ दुसरा ठरला, म्हणून उत्तर ३८. दहा, पाच आणि दोन, अशा सतरा तुलनांत काम झालं. ९ आणि १२ यांत लहान कोण, हे आपण शेवटपर्यंत पाहिलं नाही.

क्विकसॉर्टला वाटणीनंतर दोन्ही बाजू लावाव्या लागतात, इथे एकच बाजू पुढे जाते. सगळा फायदा त्यातच आहे. पिव्हट चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही उचलला, तर तो क्रमाने मधल्या अर्ध्या भागात पडण्याची शक्यता निम्मी. तसा पडला की निदान पाव यादी गळते. असा चांगला पिव्हट सरासरी दोन प्रयत्नांत मिळतो. म्हणजे यादीत n आकडे असतील, तर एकूण खर्च फार तर 2n(1 + 3/4 + 9/16 + …), आणि ही बेरीज कितीही लांबवली तरी 8n च्या पलीकडे जात नाही. हा हिशेब ढोबळ आहे. बारकाईने मांडला तर मध्यकासाठी सरासरी सुमारे 3.4n तुलना लागतात. लाख घरांना साधारण तीन लाख चाळीस हजार.

आता तीच लाख घरं कुणीतरी आधीच चढत्या क्रमाने लावून दिली, आणि आपण दर वेळी पहिलाच आकडा पिव्हट धरला, तर? पिव्हट नेहमी सर्वांत लहान निघतो, आणि प्रत्येक फेरीत तो एकटाच गळतो. पन्नास हजाराव्या घरापर्यंत पोचायला पन्नास हजार फेऱ्या, प्रत्येकीत सरासरी पंचाहत्तर हजार तुलना: सुमारे ३७५ कोटी. क्रमाने लावलेल्या याद्या तर व्यवहारात पावलोपावली भेटतात, त्यामुळे ही नुसती कागदावरची भीती नव्हे. दुसरा सापळा सारख्या आकड्यांचा. वाटणी ‘पिव्हटपेक्षा लहान’ आणि ‘बाकी सगळे’ एवढीच केली आणि बहुतेक घरांची किंमत एकच असली, तर पिव्हट कसाही निवडा, तीच गत होते. त्यावर उपाय म्हणजे लहान, सारखे आणि मोठे असे तीन ढीग करणं. दुखणं ओळखायचं तर यादी दुप्पट करून वेळ मोजावा. दुप्पट लागला तर ठीक, चौपट लागला तर वाटणी फसते आहे.

यादृच्छिक पिव्हटने वाईटात वाईट वेळ नाहीसा होत नाही. फक्त तो कुठल्या ठरावीक यादीला चिकटलेला राहत नाही, नशिबावर जातो, आणि मोठ्या यादीत इतकं वाईट नशीब जवळजवळ अशक्यच. पक्की हमी १९७३ साली ब्लम, फ्लॉइड, प्रॅट, रिव्हेस्ट आणि टार्जन या पाच जणांनी दिली. पाच-पाच आकड्यांचे गट करायचे, प्रत्येकाचा मध्यक काढायचा आणि त्या मध्यकांचा मध्यक पिव्हट धरायचा. मग प्रत्येक फेरीत यादीचा जवळपास तीन दशांश भाग गळतोच. पण पिव्हट निवडण्यातच एवढी मेहनत जाते की रोजच्या कामात ही पद्धत मागे पडते. म्हणून १९९७ साली डेव्हिड मसर यांनी तडजोड सुचवली: सुरुवात साध्या क्विकसिलेक्टने करायची, यादी पुरेशी आटत नाही असं दिसलं की हमीच्या पद्धतीकडे वळायचं. नमपायमधलं `np.partition` आज याच जातीची रीत वापरतं.