उदबत्ती, धूप की डिफ्यूझर: घरातल्या हवेचा हिशेब

उदबत्ती पेटवून हाताने वारा घालून ज्योत विझवली की तिचे टोक धुमसू लागते आणि गंधाचे काम तिथून सुरू होते. लाल निखाऱ्याच्या लगत, जरा खाली, काडीवरचा लेप तापतो पण पेट घेत नाही. त्यातली अत्तरे, लाकडाच्या भुशातला डिंक आणि डांबरासारखे जड पदार्थ वाफ होऊन बाहेर पडतात. ही वाफ थंड हवेत शिरताच अतिसूक्ष्म थेंबांत गोठते आणि आपल्याला निळसर धुराची रेघ दिसते. ज्योत असती तर यातले बरेचसे जळून गेले असते. धुमसण्यात ते तसेच हवेत जाते. म्हणून उदबत्तीत धूर आणि गंध वेगळे काढता येत नाहीत.

या थेंबांचा आकार बहुतेक एक मायक्रोमीटरहून लहान असतो. नाकातले केस किंवा घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही, ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. हवेच्या बातम्यांत ज्याला पीएम २.५ म्हणतात, त्यातच हे मोडतात. एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही जास्त कण निघाल्याची मापने आहेत. सिगारेटसाठी तोच आकडा सुमारे १० मिलिग्रॅम धरला जातो. यावरून उदबत्ती सिगारेटहून घातक ठरत नाही, कारण सिगारेटचा धूर थेट छातीत ओढला जातो आणि उदबत्तीचा खोलीभर पसरतो. पण पसरल्यावर तो तिथे किती वेळ राहतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

एक साधे गणित मांडून पाहता येते. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. तिथे एक मध्यम प्रतीची उदबत्ती अर्धा तास जळते आणि एकूण २० मिलिग्रॅम कण सोडते असे धरू. निरनिराळ्या उदबत्त्यांत हा आकडा कितीतरी कमी-जास्त असतो, पण २० हा अतिरेकी अंदाज नाही. खिडक्या-दारे बंद असतील तर तासाभरात खोलीतली साधारण अर्ध्या खोलीइतकीच हवा फटींमधून बदलते. अशा खोलीत उदबत्ती संपताना कणांचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आसपास गेलेले असते आणि ते ६० वर उतरायला साडेचार तास लागतात. ६० हा भारताच्या राष्ट्रीय मानकातला चोवीस तासांच्या सरासरीचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला आकडा तर १५ आहे.

आता त्याच खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि तासाला पाच वेळा हवा बदलली असे समजू. उदबत्ती तीच, पण कणांची पातळी २५० च्या आसपास थांबते आणि उदबत्ती संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ६० वर येते. त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या श्वासात जाणारे एकूण कण पहिल्या खोलीच्या एक दशांश असतात. भिंतींना आणि पडद्यांना काही कण चिकटतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे खाली येतील. पण दोन्ही खोल्यांमधले अंतर मिटत नाही. धूर कमी करणारी महाग उदबत्ती शोधण्यापेक्षा खिडकीचा फरक मोठा आहे, हे या हिशेबातून निघते. एसी लावून बंद केलेली शयनगृहे आणि गणपतीच्या दिवसांत सजावटीच्या पडद्यांनी अडवलेला दिवाणखाना, इथे एकामागून एक उदबत्त्या लागतात तेव्हा हाच हिशेब उलट्या दिशेने चालतो.

‘कमी धुराची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काड्यांत बहुधा कोळशाची पूड जास्त असते. कोळसा होतानाच लाकडातले धूर करणारे पदार्थ निघून गेलेले असतात, म्हणून रेघ पातळ दिसते. मात्र धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू सोडतोच, आणि काडीवर शिंपडलेले अत्तर व ते पातळ करणारे द्रावक यांच्या वाफाही तशाच निघतात. डोळ्याला धूर दिसला नाही म्हणजे हवा स्वच्छ, असे धरता येत नाही. डास पळवणाऱ्या उदबत्त्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. भारतात कीटकनाशक घातलेल्या वस्तूला १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते. वेष्टनावर नोंदणी क्रमांक नसेल तर त्या काडीत काय जळते आहे हे कळायला मार्ग नाही, आणि अशी काडी घरात न आणणेच योग्य.

धुपाला बांबूची काडी नसते. बाजारातली मऊ धूपकांडी किंवा सांब्राणीचा कप जाड असतो, दर मिनिटाला उदबत्तीहून जास्त माल जळतो, आणि गंध पाच मिनिटांत घरभर होतो. परंपरेतला धूप म्हणजे धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकलेली राळ, ऊद किंवा गुग्गुळ. राळेचा खडा तापलेल्या निखाऱ्यावर पडला की दाट पांढरा लोट उठतो, कारण खड्यातला मोठा भाग काही सेकंदांत वाफ होतो आणि लगेच गोठतो. तिन्ही पर्यायांत हा सर्वांत तीव्र आणि सर्वांत धुराचा आहे. कोळशाच्या निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड त्यात मिळतो. बंद खोलीत धूप घातल्यावर डोके जड होणे, मळमळणे ही त्याची खूण असू शकते. अशा वेळी धुपाटणे ताबडतोब बाहेर नेऊन दारे उघडावीत.

महाराष्ट्रात न्हाऊ घातल्यानंतर बाळ-बाळंतिणीला वावडिंग, ओवा आणि धूप यांची धुरी देण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. बाळाला वारा लागू नये म्हणून ती नेमकी दारे-खिडक्या लावून दिली जाते. नवजात बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेते आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसाहून कितीतरी जास्त हवा आत ओढते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. धुरी देण्यामागची माया खरी आहे, पण बालरोगतज्ज्ञ या धुराला नको म्हणतात आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. बाळाला ऊब हवी असेल तर ती कोरड्या मऊ कपड्यांनी आणि आईच्या अंगाशी धरून मिळते.

रोज वर्षानुवर्षे धूर घेतल्याचा परिणाम तपासणाऱ्या मोठ्या अभ्यासांत सिंगापूरचा अभ्यास महत्त्वाचा. तिथल्या ६१,३२० चिनी वंशाच्या लोकांची माहिती १९९३ ते १९९८ या काळात नोंदवून २००५ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. दीर्घकाळ धूप-उदबत्ती वापरणाऱ्यांत नाक-घशाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांचे आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे एकूण प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही.  देवापुढे दिवसाला एक काडी लावणाऱ्या घराला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. दम्याच्या रोग्याला मात्र एक काडीही पुरेशी असते, कारण त्याच्या श्वासनलिका चिडायला थोडे कण चालतात.

विजेवरच्या डिफ्यूझरमध्ये काही जळत नाही, म्हणून तो आपोआप निर्दोष मानला जातो. इथे थोडे थांबायला हवे. सर्वांत खपणाऱ्या प्रकारात पाण्याच्या टाकीच्या तळाशी एक चकती असते. ती सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा थरथरते आणि पाणी व तेल यांचे तुषार उडवते. पाण्यात जे काही विरघळलेले असेल तेही तुषारांबरोबर उडते. तुषार हवेत सुकले की क्षार कोरड्या पुडीच्या रूपात मागे राहतात. बोअरवेलच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असणे ही नवलाची गोष्ट नाही; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादाच ती आहे. २०० मिलिलिटरची टाकी रिकामी झाली की त्यातून १०० मिलिग्रॅम क्षार बाहेर पडतात, म्हणजे वरच्या हिशेबातल्या उदबत्तीच्या कणांच्या पाचपट. यातला काही भाग टेबलावर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, आणि तो थर हीच ओळखीची खूण. उरलेले तरंगत राहते. हे कण काजळी-डांबराचे नसून कॅल्शियम, मॅग्नेशियमचे असतात, त्यांचा स्वभाव वेगळा. पण सूक्ष्म धूळ ती धूळच. आरओचे ५० क्षारांचे पाणी वापरले तर तोच आकडा १० मिलिग्रॅमवर येतो. उकळलेले पाणी चालत नाही, कारण उकळल्याने थोडेच क्षार तळाशी बसतात. पाणी रोज बदलावे आणि टाकी पुसून कोरडी ठेवावी, नाहीतर साचलेल्या पाण्यातले जंतूही तुषारांबरोबर खोलीत येतात.

भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायची गंधाची बाटली किंवा कापूरदाणी यांत पाणी नसते, फक्त ऊब असते, म्हणून कण अगदी कमी. तिथे वाफा हा मुद्दा उरतो. लिंबू, संत्रे, पाइन यांच्या तेलांतले घटक हवेतल्या ओझोनशी भेटले की थोडे फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दुपारी, बाहेर ऊन तापलेले असताना किंवा आयन सोडणारी यंत्रे चालू असताना हे जास्त घडते. ही यंत्रे चोवीस तास चालू ठेवली जातात हीच त्यांची खरी अडचण. कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात, म्हणून डबी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. मांजर असलेल्या घरात टी-ट्री तेल टाळावे. ते तिच्या शरीराला पेलत नाही.

तीव्रतेच्या बाबतीत नाक फसवते. ठराविक गंध दहा-पंधरा मिनिटे सतत आला की मेंदू त्याची नोंद घेणे सोडतो. घरातल्या माणसाला वाटते गंध गेला, आणि तो दुसरी काडी लावतो किंवा आणखी सहा थेंब घालतो. दहा मिनिटे गच्चीवर जाऊन परत आल्यावर जो गंध जाणवतो तोच खरा. धुराचे कण पडद्यांत, गाद्यांत, केसांत बसतात, म्हणून उदबत्ती-धुपाचा गंध दुसऱ्या दिवशीही येतो. डिफ्यूझरचा गंध यंत्र बंद होताच ओसरू लागतो. चंदन, ऊद यांसारखे जड गंध पाण्याच्या तुषारांतून फारसे खुलत नाहीत. त्यांना उष्णता लागते.

हवा मोजायची असेल तर पीएम २.५ दाखवणारा छोटा मापक आता सहज मिळतो. उदबत्तीपाशी नव्हे, तर माणूस बसतो तिथे, छातीच्या उंचीवर तो ठेवावा. आधी कोरा आकडा टिपावा, मग काडी लावून दर दहा मिनिटांनी पाहावे. आकडा मूळ जागी यायला लागलेला वेळ हेच त्या खोलीच्या वाऱ्याचे माप. पाण्याच्या डिफ्यूझरसमोर मात्र हा मापक चुकतो, कारण तो प्रकाशाने कण मोजतो आणि ओले तुषारही कण म्हणून धरतो. तिथे यंत्र बंद करून तुषार सुकू द्यावेत आणि अर्ध्या तासाने आलेला आकडा मानावा.