आकडा कुठून आला?

‘मालाची तूट कमी केली’ एवढंच दुकानाच्या मॅनेजरने परिचयपत्रात लिहिलं, तर कुणाचा विश्वास बसणार? समजा, विक्री दोन्ही वर्षी ६ कोटींची. मग लिहावं: ‘तूट विक्रीच्या १.८ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर, दोन्ही वार्षिक स्टॉकमोजणींनुसार. माल उतरवतानाच चलनाशी ताडून घेतला.’ म्हणजे १०.८ लाखांचं नुकसान ६.६ लाखांवर आलं. त्याच वर्षी कंपनीने कॅमेरे बसवले असतील, तर तेही सांगावंच. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

दारावरचं यंत्र कर्मचाऱ्यांच्या फेऱ्याही मोजतं, म्हणून ग्राहकसंख्येशेजारी बिलांची संख्या हवी. सरासरी ३० कर्मचाऱ्यांपैकी वर्षात ९ जण सोडून गेले, तर गळती ३० टक्के. त्यात बदल्या धरल्या की नाही, तेही लिहावं.