दुसरी नथ

आमच्या घरातल्या एका कृष्णधवल फोटोत आजी खुर्चीवर बसली आहे. घडीवर कागद फाटला आणि तिचा उजवा डोळा नि गाल गेला. मी तुकड्यांना चिकटपट्टी लावली नाही, कारण तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. तुकडे जुळवून १२०० डीपीआयला स्कॅन केले आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर, वेगळ्या लेयरवर केलं.

शाबूत डावी बाजू उलटवून उजवीकडे बसवणं हा सोपा उपाय. तसं केलं, तर आजीच्या नाकात दोन नथी आल्या! नथ पुसली, तरी चेहरा परका वाटत होता. उजेड तिच्या डावीकडून येत होता आणि उलटवलेला गालही तितकाच उजळ होता. तो हळूहळू गडद केला, नाकाची सावली त्यावर आणली. डोळा मात्र तिच्याच दुसऱ्या, साधारण त्याच वयातल्या फोटोवरून घेतला. मान तिथेही तशीच वळलेली होती. तसा फोटो नसता, तर तो डोळा माझा अंदाज ठरला असता, आणि मला वाटतं, अशा वेळी जागा रिकामी ठेवावी.

नवा गाल मेणासारखा गुळगुळीत दिसत होता. जुन्या फोटोतले बारीक कण त्यावर पसरल्यावरच तो मिसळला. मागच्या पडद्याच्या चुण्या वेगवेगळ्या जागांवरून उचलल्या, कारण एकच चुणी दोनदा आली की डोळ्याला लगेच खटकते. मूळ तुकडे आता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आहेत.