शेऱ्यातून घडणारा पोर्टफोलिओ

वास्तुकलेच्या स्टुडिओत ज्यूरी संपते तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती शेऱ्यांनी भरलेली वही आणि ट्रेसिंग पेपरची चळत उरते. त्यातून पोर्टफोलिओचा बोर्ड करताना सगळे शेरे घ्यायचे नसतात. ज्याने आराखडा खरोखर बदलला, तोच घ्यायचा.

समजा, पुण्यातल्या छोट्या वाचनालयाच्या आराखड्यावर शेरा आला: ‘पश्चिमेच्या खिडकीपाशी दुपारी कोण वाचत बसेल?’ विद्यार्थ्याने वाचनकक्ष उत्तरेला नेला आणि पश्चिमेला जिना व पुस्तकांची कोठी ठेवली. ए-टू आकाराच्या बोर्डवर मग दोन स्केचेस शेजारी लावावीत, आधीचे लहान आणि नंतरचे मोठे. दोन्हींचे प्रमाण वेगळे असले, तरी उत्तर दिशा एकाच बाजूला हवी, नाहीतर बदल कळतच नाही.

खालची ओळ अशी: ‘पश्चिमेचे ऊन जिना आणि कोठी अडवतात, वाचकांना उत्तरेचा सौम्य उजेड मिळतो.’

‘वाचनकक्षाचे स्केच’ एवढेच लिहिणे वाया जाते, कारण ते चित्रात दिसतेच. ओळीने चित्रात न दिसणारे कारण सांगावे. ओळ झाकल्यावर बोर्डचा अर्थ जराही कमी होत नसेल, तर ती पुन्हा लिहावी.