धम्मयात्रेचा अल्बम: कोणता फोटो कोणत्या स्थळाचा, हे कसे ठरवावे?

थंडी ओसरू लागली की मंठा, परतूर, जिंतूर भागातून धम्मयात्रेच्या बस निघतात. नागपूरची दीक्षाभूमी, मग सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती आणि परत, असा दहा-बारा दिवसांचा प्रवास असतो. परतल्यावर सगळ्यांचे फोटो एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जमा होतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. बुद्धपौर्णिमेला विहारात फलक लागतो तेव्हा कुशीनगरच्या स्तूपाखाली 'सारनाथ' आणि वैशालीच्या स्तूपाखाली 'राजगीर' लिहिलेले असते. लहान मुले तेच वाचून लक्षात ठेवतात.

गेल्या काही वर्षांत असे तीन-चार अल्बम लावायला मी मदत केली. त्यातला एक मंठ्याहून गेलेल्या बसचा होता. यात्रेतल्या एक आजी परतल्यावर चार महिन्यांतच वारल्या. 'आई जिथे जिथे गेली तिथला एकेक फोटो काढून द्या,' एवढीच घरच्यांची मागणी होती. नऊ फोन, एक जुना डिजिटल कॅमेरा आणि दोन हजारांवर फोटो. त्या कामात जी पद्धत बसली ती इथे सांगतो.

सगळ्यात आधी व्हॉट्सॲपवरचे फोटो बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो काढल्याची वेळ आणि जागा त्यातून निघून जाते. `IMG-20240226-WA0031.jpg` या नावातली २६ फेब्रुवारी ही तारीख फोटो ग्रुपवर आल्याची असते. याच तारखेवर विसंबल्यामुळे अर्धी यात्रा 'घरी परतल्यावर' झालेली दिसते! ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. केबलने घ्या, नाहीतर व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आतली माहिती शाबूत राहते. बऱ्याच फोनमध्ये मूळ फाइलचे नाव `IMG_20240217_143210.jpg` असे असते. म्हणजे १७ तारीख, दुपारचे २ वाजून ३२ मिनिटे.

दुसरे काम फोटोंना हात न लावता करायचे: बस कधी कुठे होती याचा कागद तयार करायचा. आयोजकाचे छापील वेळापत्रक यासाठी पुरत नाही, कारण बस वेळापत्रकाप्रमाणे क्वचितच चालते. खरा पुरावा म्हणजे बसमालकाच्या मोबाइलवरचे फास्टॅगचे मेसेज. त्यात टोलनाक्याचे नाव आणि वेळ असते. सोबत डिझेलच्या पावत्या, मुक्कामाच्या पावत्या, नेपाळ सीमेवर बससाठी भरलेल्या भन्सारची पावती घ्या. आमच्या बसचा कागद असा निघाला: १४ ला सारनाथ, १५ च्या संध्याकाळी बोधगया, १७ ला राजगीर आणि नालंदा, १८ ला वैशाली, १९ ला कुशीनगर, २० ला लुंबिनी, २१ ला श्रावस्ती.

आता फोटो टप्प्यांत वाटायचे. इथे एक पथ्य पाळा: रात्री बारा वाजता टप्पा तोडू नका, बस जागेवरून हलली तिथे तोडा. राजगीर आणि नालंदा एकाच दिवसात होतात, तारखेने वाटले तर दोन्ही एकत्र येतात. उलट रात्रभराच्या प्रवासाचे दोन तुकडे पडतात. बस हलल्याची खूण फोटोंतच सापडते: फोटो एकदम थांबतात, मग खिडकीतून काढलेली शेते, ढाबा, झोपलेली माणसे दिसतात. या फोटोंना 'बोधगया ते राजगीर' असा स्वतंत्र फोल्डर द्या. ते कुठल्याच स्थळाचे नसतात, आणि स्थळात कोंबले की गोंधळ तिथूनच वाढतो.

सगळ्यात अवघड गाठ बोधगयेची होती. महाबोधी महाविहाराच्या आवारात मोबाइल नेऊ देत नाहीत, कॅमेरा मात्र शुल्क भरून नेता येतो. त्यामुळे यात्रेच्या मुख्य स्थळाचे आतले फोटो एकाही फोनमध्ये नव्हते, ते फक्त त्या जुन्या कॅमेऱ्यात होते. आणि कॅमेऱ्याची बॅटरी पूर्वी उतरून गेल्याने त्याचे घड्याळ १ जानेवारी २०१७ पासून चालू झालेले.

यावर उपाय म्हणजे दोन्हींत टिपलेला एकच क्षण शोधणे. सारनाथला धमेक स्तूपासमोर सगळ्यांचा ग्रुप फोटो निघाला होता, कॅमेऱ्यात आणि शेजारच्या फोनमध्येही. कॅमेरा म्हणत होता २ जानेवारी २०१७, सकाळी ९:१०. फोन म्हणत होता १४ फेब्रुवारी २०२४, सकाळी ११:३२. म्हणजे फरक ७ वर्षे, १ महिना, १२ दिवस, २ तास २२ मिनिटे. हाच फरक कॅमेऱ्यातल्या ३ जानेवारी, १७:०५ च्या फोटोला लावला की १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२७ येते. फोटोत दिव्यांनी उजळलेला महाविहार होता आणि बसही त्या संध्याकाळी बोधगयेतच होती. जुळले. तरी एवढ्यावर थांबू नये. यात्रेच्या मध्ये बॅटरी काढली असेल तर घड्याळ पुन्हा मागे जाते आणि पुढचे सगळे फोटो चुकतात. म्हणून शेवटाकडचा आणखी एक क्षण तपासला: कुशीनगरला कॅमेरा ७ जानेवारी ८:०६, फोन १९ फेब्रुवारी १०:२८. फरक तोच, म्हणजे घड्याळ मध्ये बिघडले नव्हते. मग संगणकावर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने सगळे एकदम दुरुस्त केले:

```
exiftool "-AllDates+=7:1:12 2:22:0" camera/
```

हा प्रोग्रॅम मूळ फाइलची प्रत राखून ठेवतो, पण आधी फोल्डरची एक कॉपी केलेली बरी.

लुंबिनीत आणखी एक छोटी अडचण येते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. ज्यांच्या फोनला तिथले नेटवर्क मिळाले त्यांची वेळ आपोआप बदलते, बाकीच्यांची भारतातलीच राहते. त्यामुळे मायादेवी मंदिरासमोरचा एकच प्रसंग एका फोनमध्ये ९:४० ला, दुसऱ्यात ९:५५ ला दिसतो. टप्पा यामुळे चुकत नाही, पण क्रम लावताना हे लक्षात ठेवा.

मूळ फाइल मिळालीच नाही तर डोळ्यांवर भिस्त. सर्वांत जास्त फसवतात ते जपानी बौद्ध संघाने उभारलेले पांढरे शांतिस्तूप. राजगीर, वैशाली, लुंबिनी तिन्हीकडे आहेत आणि जवळून काढलेल्या फोटोत सारखेच दिसतात. स्तूप सोडून आजूबाजूला पाहा. राजगीरचा डोंगरावर आहे, त्यामुळे मागे खाली दरी आणि आधीच्या फोटोंत रोपवेचे पाळणे असतात. वैशालीचा सपाटीवर, जवळ जुने तळे. लुंबिनीचाही सपाटीवर, पण मागेपुढे नेपाळी पाट्या किंवा नेपाळी नंबरची वाहने येतात.

अशोकस्तंभ ओळखणे त्यामानाने सोपे. अखंड उभा, वर एकच सिंह आणि शेजारी विटांचा स्तूप असेल तर वैशाली. वर काहीच नाही आणि बाजूला मायादेवीचे पांढरे मंदिर असेल तर लुंबिनी. सारनाथला मूळ जागी फक्त तुटलेले तुकडे आहेत, चार सिंहांचे शीर्ष संग्रहालयात आहे. स्तूपांत, खालच्या दगडांवर वेलबुट्टीचा पट्टा असलेला उंच गोल स्तूप तो सारनाथचा धमेक. कुशीनगरचा रामाभार म्हणजे नक्षी नसलेला विटांचा ढिगारा. पिंपळाखालचा प्रत्येक फोटो बोधगयेचा समजू नका. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराजवळ आणि श्रावस्तीच्या जेतवनातही बोधिवृक्ष आहेत.

आजींच्या फोटोंत आठ स्थळे पक्की झाली. एका पांढऱ्या स्तूपापुढचा, नातीच्या फोनवर व्हॉट्सॲपने आलेला फोटो मात्र राजगीरचा की वैशालीचा हे ठरले नाही. स्तूप इतका जवळ होता की मागचे काहीच दिसत नव्हते. तो फोटो घरच्यांना दिला आणि मागे 'राजगीर किंवा वैशाली, १७ ते १८ फेब्रुवारी २०२४' असे लिहिले.