किल्ली बंद केली, तरी चोर आत

गिटहबवर टाकलेल्या कोडमध्ये चुकून राहिलेली एडब्ल्यूएसची अ‍ॅक्सेस की माणसाला दिसायच्या आत प्रोग्रॅमला दिसते. `AKIA`ने सुरू होणारी वीस अक्षरं आणि जवळच चाळीस अक्षरांची गुप्त की, एवढंच तो धुंडाळत असतो. युनिट 42 या सुरक्षा गटाने 2023मध्ये अशा की मुद्दाम उघड्यावर टाकून पाहिल्या. पाच मिनिटांच्या आत त्या वापरल्या गेल्या, आणि हल्लेखोरांना मोठ्या मशीन हव्या होत्या त्या मोनेरो हे आभासी चलन मिळवण्यासाठी.

समजा, शुक्रवारी रात्री कुणी चार रीजनमध्ये पाच-पाच `c5a.24xlarge` मशीन सुरू केल्या. अमेरिकेतल्या दराने एका मशीनचं तासाचं भाडं सुमारे 3.7 डॉलर. वीस मशीन, 48 तास: साडेतीन हजार डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये. चोराच्या हाती यातला अगदी किरकोळ हिस्सा लागतो. पण वीज, मशीन, भाडं सगळं दुसऱ्याचं, मग त्याला काय फरक पडतो? बजेटचा इशारा येतो तोही उशिरा, आणि तो खर्च थांबवत नाही.

की उघडी पडल्याचं एडब्ल्यूएसच्या लक्षात आलं, तर त्या युजरवर `AWSCompromisedKeyQuarantine` नावाची पॉलिसी लागते आणि ईमेल येतो. पॉलिसी काही धोकादायक कामं अडवते, पण आधीच चालू असलेल्या मशीन बंद करत नाही. ईमेलकडे दुर्लक्ष झालं, तर खातं निलंबित होऊ शकतं.

आता साफसफाई. इथे क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. आधी की निष्क्रिय करायची. पुष्कळ जण इथेच थांबतात. पण त्या कीवरून चोराने तात्पुरतं सेशन काढून ठेवलं असेल, तर ते मुदत संपेपर्यंत चालूच राहतं, आणि ही मुदत 36 तासांची असू शकते. म्हणून त्या युजरवर सगळं नाकारणारी पॉलिसीही लावायची. मग क्लाउडट्रेलमध्ये `CreateUser`, `CreateAccessKey` आणि `CreateLoginProfile` शोधायचं. चोराने स्वतःसाठी मागचं दार केलं असेल, तर ते तिथे दिसतं. गेल्या 90 दिवसांची नोंद तिथे आपोआप असते.

यानंतर मशीन. आपण मुंबई रीजन वापरतो म्हणून फक्त मुंबईत पाहणं हा ठरलेला घोटाळा. चोर आपण कधी उघडलंही नाही अशा रीजनमध्ये बसतो. मशीन बंद केली आणि काही मिनिटांत नवी उभी राहिली, तर मागे ऑटो स्केलिंग ग्रुप आहे. आधी तो काढायचा. मशीन बंदच होत नसेल, तर तिच्यावर टर्मिनेशन प्रोटेक्शन लावलंय का ते पाहायचं. ईसीएस आणि लॅम्डाही तपासायचे.

फाइलमधली की पुसून नवा कमिट केला तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. इतिहास `git filter-repo`ने साफ करता येतो, पण कुणी आधीच घेतलेल्या प्रतीत ती उरते, त्यामुळे की बदलण्याला पर्याय नाही.

हे सगळं झाल्यावर सपोर्ट केसमध्ये काय सापडलं, काय काढलं, केव्हा काढलं हे रीजनच्या नावांसह लिहायचं. बिल कमी करण्याची विनंतीही तिथेच करायची. सूट मिळणं हा हक्क नाही, आणि मशीन चालू ठेवून केलेल्या विनंतीला सहसा एकच उत्तर मिळतं: आधी त्या बंद करा.